गुरुजींना लिहिलेलं पत्र, तीन वेळा फाडलेलं

आमच्या वकिलांच्या ऑफिसात निकालाची ऑर्डर आली की क्लायंटला पत्र लिहायचं काम माझ्याकडे असतं. सर सगळ्यांना हेच सांगतात, निकाल फोनवर सांगू नका कारण फोनवर माणूस फक्त "जिंकलो का?" एवढंच ऐकतो आणि बाकीचं सगळं वाऱ्यावर. तेव्हा लेखी द्या, तारखा लिहा, आकडे लिहा. ऐकायला सोपं वाटतं, पण गुरुजींचं पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी काहीतरी वेगळंच चुकलं होतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवावं.

केस तशी साधीच, मेडिक्लेमची. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, पाच लाखांची पॉलिसी, आठ दिवस अ‍ॅडमिट, बिल 3 लाख 82 हजार. कंपनीने 10 फेब्रुवारी 2022 ला क्लेम नाकारला, कारण तेच नेहमीचं, आजार पॉलिसी घ्यायच्या आधीपासून होता आणि तुम्ही तो लपवला. आम्ही 10 ऑक्टोबर 2022 ला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली (लोक अजून मंचच म्हणतात, आम्हीही आपापसात मंचच म्हणतो), आणि निकाल लागला 17 जून 2025 ला. निकालाच्या दिवशी मी तिथे होते, तक्रार अंशतः मंजूर एवढं कळलं, पण सही-शिक्क्याची प्रत हातात पडली ती 4 जुलैला.

आता या ऑर्डरींची एक पद्धत असते. दहा-बारा पानं असतात, त्यात पहिली चार पानं तक्रारदाराचं म्हणणं, मग सामनेवाल्यांचं म्हणणं, मग मुद्दे आणि कारणमीमांसा, आणि अगदी शेवटच्या पानावर "अंतिम आदेश". क्लायंट शेवटचं पान वाचतो आणि त्यातही फक्त आकडे बघतो. गुरुजींच्या ऑर्डरमध्ये शेवटी हे होतं: तक्रार अंशतः मंजूर करण्यात येते. सामनेवाले यांनी तक्रारदारास रु. 3,40,000 तक्रार दाखल तारखेपासून प्रत्यक्ष रक्कम अदा करेपर्यंत द.सा.द.शे. 9 टक्के व्याजासह अदा करावेत. शारीरिक व मानसिक त्रासापोटी रु. 20,000 आणि तक्रारीच्या खर्चापोटी रु. 10,000 अदा करावेत. आदेशाची पूर्तता आदेशाची प्रत प्राप्त झाल्यापासून 45 दिवसांत करावी, कसूर केल्यास 3,40,000 वर 9 ऐवजी 12 टक्के व्याज. आणि आदेशाच्या प्रती उभय पक्षांना विनाशुल्क देण्यात याव्यात. संपलं.

माझा पहिला ड्राफ्ट म्हणजे याचंच भाषांतर होतं. "आपणास क्लेमपोटी 3,40,000 व्याजासह, त्रासापोटी 20,000 व खर्चापोटी 10,000 मंजूर झाले असून आदेशाविरुद्ध अपील करण्यास 45 दिवसांची मुदत आहे." सरांनी वाचलं आणि म्हणाले, यातून गुरुजींना काय कळेल सांग बरं, किती पैसे येणार आणि कुठल्या तारखेपर्यंत काय करायचं, यातलं एक तरी कळतंय का? खरंच कळत नव्हतं. "व्याजासह" म्हणजे किती ते मी काढलंच नव्हतं.

मग कागद घेऊन बसले. 3,40,000 वर 9 टक्के म्हणजे वर्षाला 30,600, म्हणजे महिन्याला 2,550. तक्रार 10 ऑक्टोबर 2022 ची, पत्राची तारीख 10 जुलै 2025, बरोब्बर 33 महिने, म्हणजे व्याज 84,150. सगळं मिळून 4,54,150 आणि त्यापुढे पैसे येईपर्यंत दर महिन्याला 2,550 ची भर. आता हे वाचल्यावर माणसाला काहीतरी दिसतं. आणखी एक, हे साधं व्याज आहे हेही लिहिलं, कारण आधीच्या एका क्लायंटने घरी बसून चक्रवाढ व्याज काढलं होतं आणि मग आम्हालाच विचारत बसला की मधले पैसे कुणी खाल्ले.

आता बिल 3,82,000 आणि मिळाले 3,40,000, तर 42 हजार कुठे गेले हा प्रश्न गुरुजी विचारणार हे नक्की. ते शेवटच्या पानावर नसतं, कारणमीमांसेत शोधावं लागतं. सापडलं. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000, गुरुजी होते 7,000 च्या खोलीत, तर दिवसाला 2,000 जास्तीचे आठ दिवसांचे 16,000 वजा. आणि ग्लोव्हज, किट, रजिस्ट्रेशन फी वगैरे जे पॉलिसीत बसत नाही ते 26,000. हे मी पत्रात असंच हिशेबासारखं लिहिलं, कारण "काही रक्कम अमान्य करण्यात आली" असं लिहिलं की क्लायंटला वाटतं वकिलाने नीट मांडलं नाही.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये चुकली ती तारीख. मी लिहिलं होतं, आपल्याला प्रत 4 जुलैला मिळाली, त्यामुळे अपिलाची मुदत 18 ऑगस्टपर्यंत. सरांनी पेन्सिलने त्या तारखेभोवती गोल केला आणि बाजूला फक्त "41 वाच" लिहिलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 41. त्यात शब्द आहेत आदेशाच्या तारखेपासून 45 दिवस. प्रत मिळाल्यापासून नाही. आदेश 17 जूनचा, तो दिवस सोडून मोजलं तर जूनचे 13 आणि जुलैचे 31 मिळून 44, म्हणजे 45 वा दिवस 1 ऑगस्ट. मी लिहिलेल्या तारखेच्या सतरा दिवस आधी.

यावर मी थोडा वाद घातला, की प्रतच 4 जुलैला मिळाली तर माणूस अपील कशावर करणार, आणि प्रतीवर मागेच तारखा लिहिलेल्या असतात त्या कशासाठी. सर म्हणाले, तो वाद बरोबर आहे, उशीर झालाच तर आपण तोच घालू, आणि पुरेसं कारण असेल तर राज्य आयोग उशीर माफही करतो, तशी तरतूद त्याच कलमात आहे. पण क्लायंटला द्यायची तारीख म्हणजे जिच्यावर कुणी वाद घालूच शकणार नाही ती. विलंब माफीचा अर्ज म्हणजे एकेक दिवसाचा हिशेब द्या, समोरच्याचा विरोध ऐका, आणि मूळ केस बाजूला राहून सहा महिने तारखेवरच भांडा. तेव्हा पत्रात ठळक अक्षरात 1 ऑगस्ट. आणि प्रतीच्या मागचा शिक्का असलेलं पान झेरॉक्स करून फाइलला, असू द्यावं.

इथे अजून एक घोळ होणार होता तो मला गुरुजींच्या मुलामुळे कळला. त्याचा फोन आला, म्हणाला मॅडम मी वाचलंय की अपिलाला 30 दिवस असतात आणि कंपनीला फक्त 25 हजार भरावे लागतात, मग 30 दिवस तर होतच आले की. हे त्याने जुन्या कायद्यातलं वाचलं होतं. 1986 च्या कायद्यात जिल्ह्याच्या आदेशावर अपिलाला 30 दिवस होते, आणि ज्याला पैसे द्यायचेत त्याने अपील करताना निम्मी रक्कम किंवा 25 हजार यातलं जे कमी ते भरायचं. नवा कायदा लागू झाला 20 जुलै 2020 ला, आता 45 दिवस आणि सरळ निम्मी रक्कम. आपली तक्रार 2022 ची, म्हणजे नव्या कायद्यातली. 20 जुलै 2020 च्या आधी दाखल झालेल्या तक्रारींना डिपॉझिटच्या बाबतीत जुनाच नियम लागतो असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलंय, त्यामुळे दोन्ही आकडे अजून फिरत असतात आणि लोक गोंधळतात. मग पत्रात एक ओळ वाढली, की तुमची तक्रार नव्या कायद्याखाली आहे, इतर कुठे 30 दिवस वाचलंत तर ते तुम्हाला लागू नाही.

दुसरा घोळ म्हणजे दोन पंचेचाळीस. ऑर्डरमध्ये कंपनीने पैसे द्यायला 45 दिवस, आणि कायद्यात अपिलाला 45 दिवस. आकडा एकच असल्यामुळे क्लायंटला ते एकच वाटतं. पण पैसे द्यायचे 45 दिवस कंपनीला प्रत मिळाल्यापासून आहेत, कारण आयोगाने आदेशात तसं लिहिलंय. कंपनीच्या वकिलांनी प्रत 7 जुलैला उचलली, म्हणजे ती मुदत 21 ऑगस्टला संपते. गुरुजी 21 ऑगस्टपर्यंत पैशाची वाट बघतील आणि आले नाहीत तर अपील करू म्हणतील, तोपर्यंत अपिलाची मुदत संपून वीस दिवस झालेले असतील. आणि मुळात पैसे आले नाहीत म्हणून अपील करायचं नसतंच, त्यासाठी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, असते. हे मी पत्रात दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिलं, मुद्दाम लांब लांब.

दुसरा ड्राफ्ट दुरुस्त करून टाइप करायला दिला तो 9 जुलैची संध्याकाळ. टाइप करताना आमच्या ताई म्हणाल्या, अगं हे अक्षरी वेगळंच आहे. मी म्हटलं काय वेगळं? त्यांनी ऑर्डरचं शेवटचं पान पुढे केलं. "रु. 3,40,000/- (अक्षरी रुपये तीन लाख चार हजार फक्त)". मी ते पान किमान दहा वेळा वाचलं होतं. आकडे वाचले होते, कंस कोण वाचतं. ताई आयुष्यभर टायपिंग करतायत, त्या अक्षर बघतात, आकडा नाही.

36 हजारांचा फरक. पैसे देणारी कंपनी कुठला आकडा धरेल हे सांगायला ज्योतिषी नको. आता याला अपील लागत नाही, कारण आयोगाचं मत स्पष्ट आहे, कारणमीमांसेत 3,82,000 वजा 42,000 असा हिशेबच केलाय, ही नुसती उघड दिसणारी चूक आहे. त्यासाठी कलम 40, जिल्हा आयोग आपल्याच आदेशातली अशी चूक दुरुस्त करू शकतो, पण अर्ज आदेशापासून 30 दिवसांत करायचा. 17 जूनपासून 30 दिवस म्हणजे 17 जुलै. आणि आज 9. म्हणजे ज्या पत्रात मी 1 ऑगस्टची तारीख ठळक करत बसले होते त्या पत्रातली खरी घाईची तारीख 17 जुलै होती आणि ती पत्रात नव्हतीच.

तर तिसरा ड्राफ्ट. वरची पहिलीच ओळ: "गुरुजी, सर्वात आधी हे. आदेशात रकमेच्या अक्षरांत टायपिंगची चूक आहे, ती दुरुस्त करण्यासाठी 17 जुलैपूर्वी अर्ज द्यायचा आहे, त्यासाठी सोबतच्या कागदावर खूण केली आहे तिथे सही करून 14 तारखेपर्यंत पाठवा." मग पैशाचा हिशेब. मग अपील. आणि एक वाक्य जे सरांनी स्वतः घातलं, की दुरुस्तीचा अर्ज दिला म्हणून अपिलाची मुदत थांबली असं समजू नये, 1 ऑगस्ट ती 1 ऑगस्टच.

अपिलाच्या भागात मी जास्त वेळ घातला, कारण तिथे निर्णय गुरुजींचा होता आणि आपण ढकलायचं नसतं. त्यांचा फोन आलाच होता आधी, "मॅडम, तीन वर्षं फिरवलं त्यांनी, हॉस्पिटलमध्ये बायकोचे दागिने गहाण टाकले, आणि त्रासाचे वीसच हजार?" मागितले होते एक लाख. मी पत्रात लिहिलं की अपील केलं तर काय मागता येईल: 42,000 ची वजावट, त्यावरचं आजपर्यंतचं साधारण 10,400 व्याज, आणि व्याज क्लेम नाकारल्याच्या तारखेपासून हवं म्हणून आधीच्या 8 महिन्यांचे 20,400. हे सगळं मिळालं तरी 73 हजारांच्या आसपास, वर त्रासाची रक्कम वाढली तर तेवढी. यातला वजावटीचा मुद्दा कच्चा आहे कारण खोलीभाड्याची मर्यादा पॉलिसीत छापलेली आहे. व्याजाच्या तारखेत दम आहे. त्रासाची रक्कम मात्र आयोगाच्या मतावर असते, वाढेलच असं कुणी सांगू नये, मीही सांगितलं नाही. तुम्हाला कुठलंही डिपॉझिट भरायचं नाही कारण तुम्हाला कुणाला पैसे द्यायचा आदेश झालेला नाही. पण आज पैसे देऊन फाइल बंद करायच्या तयारीत असलेली कंपनी आपलं अपील बघून स्वतःचंही टाकण्याची शक्यता असते, हेही लिहिलं.

आणि कंपनीने अपील केलं तर? तिला आदेशातल्या रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतील, त्याशिवाय राज्य आयोग अपील ऐकायलाच घेत नाही. इथे क्लायंटला हमखास वाटतं की निम्मे पैसे आपल्याला मिळाले. तसं नाही, ते आयोगाकडे जमा राहतात, काढायचे तर वेगळा अर्ज, आणि देतील की नाही ते आयोगावर. आणि नुसतं अपील दाखल झालं म्हणून आदेश थांबत नाही, स्थगिती मिळाली तरच थांबतो. दोघांनीही अपील केलं नाही तर आदेश अंतिम होतो. मग 21 ऑगस्टनंतरही पैसे नाहीत तर कलम 71 ची दरखास्त, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली, खातं जप्त वगैरे, आणि 72 खाली आदेश न पाळल्याबद्दल शिक्षा, त्यात कमीत कमी एक महिना कैद किंवा कमीत कमी 25 हजार दंड असं आहे. 72 चं नाव घेतलं की कंपन्यांच्या लीगल डिपार्टमेंटला अचानक फाइल सापडते हा आपला अनुभव, पण ते पत्रात लिहिलं नाही.

गुरुजींनी पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी सही पाठवली, सोबत माझ्या पत्रातली एक शुद्धलेखनाची चूक लाल पेनाने दुरुस्त करून (शिक्षक तो शिक्षकच). 15 जुलैला अर्ज दिला, समोरच्या वकिलांनी हरकत घेतली नाही, 29 तारखेला दुरुस्ती झाली. अपिलाचं काय म्हणून मी 24 ला फोन केला तर म्हणाले, मॅडम, नको. माझं वय बघा, राज्य आयोगाची तारीख बघा. हे मी फोनवरच ठेवलं नाही, "अपील करायचे नाही" असं त्यांच्याकडून लेखी घेतलं, कारण सहा महिन्यांनी घरचा कुणी विचारतो की मुदत का घालवली.

कंपनीचंही अपील आलं नाही, मी दर चार दिवसांनी ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर बघत होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीने गुरुजींना एक व्हाउचर पाठवलं, "पूर्ण व अंतिम समझोत्यापोटी" असं छापलेलं आणि रकमेची जागा कोरी. नशीब त्यांनी आधी मला फोटो पाठवला. आम्ही ते वाक्य खोडून "आयोगाच्या दि. 17.06.2025 च्या आदेशानुसार" असं लिहिलं, रक्कम व्याजासकट भरली आणि मगच सही.

पैसे आले 19 ऑगस्टला. तेव्हापर्यंतचं व्याज धरून साधारण 4 लाख 57 हजार यायला हवे होते. संध्याकाळी गुरुजींचा फोन, आवाज एकदम कडक. "मॅडम, आठ हजार सातशेच्या वर कमी आलेत. दरखास्त लावायची का?" मी हिशेब परत केला, आणि मग लक्षात आलं, व्याज झालं होतं साधारण 87,450 आणि त्यावर 10 टक्के टीडीएस कापलाय. त्यांना सांगितलं की हे पैसे तुमच्या पॅनवर जमा दिसतील, रिटर्न भरताना हिशेबात येतील, कंपनीकडून सर्टिफिकेट मागून घेऊ. ते म्हणाले ठीक आहे, पण हे तुमच्या पत्रात कुठे आहे ते मला सापडत नाहीये. मी फाइल काढून पत्र परत वाचलं. नव्हतंच.